छेदातली चूक

एप्रिल उजाडला की कंपन्यांमध्ये रेटिंगच्या बैठका भरतात. लांबलचक टेबल, पडद्यावर एक्सेलची यादी, पाचांपैकी गुण, आणि कुणाला किती यावर तासन् तास घासाघीस. मग यादीत एक नाव येतं आणि घासाघीस अचानक थांबते. ‘ही तर सप्टेंबरपासून बाळंतपणाच्या रजेवर होती ना? हिला तीन देऊन टाका.’ कुणी हरकत घेत नाही. तीन म्हणजे नापास नव्हे, तेव्हा अन्याय केल्यासारखंही वाटत नाही. पुढचं नाव. अशा काही बैठकांना मी बसलो आहे, आणि खरं सांगायचं तर हे ‘तीन’ ऐकून मान मीही डोलावली आहे.

कायदा या खोलीपर्यंत पोचत नाही. 1961च्या प्रसूती लाभ कायद्याने, 2017च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा दिली. रजेवर असताना बाईला कामावरून काढता येणार नाही, तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत, असंही सांगितलं. सामाजिक सुरक्षा संहितेतही हे संरक्षण आहे. पण रेटिंग ठरतं ती परत आल्यावर. काढलं कुणालाच नाही, शर्त एकही बदलली नाही. फक्त पाचांपैकी तीन दिले.

या तीनमागचं गणित एकदा मांडून पाहू. समजा, टीव्ही आणि वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपनीची एक क्षेत्र विक्री अधिकारी आहे. तिच्याकडे दोन जिल्ह्यांतले दुकानदार. एप्रिल ते मार्च असं वर्ष, वर्षाचं टार्गेट 6 कोटी. ती 1 सप्टेंबरला रजेवर गेली, 182 दिवस पूर्ण करून 2 मार्चला परतली. म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट आणि मार्च असे सहा महिने तिने काम केलं, आणि त्या सहा महिन्यांत 2 कोटी 70 लाखांची विक्री आणली.

सगळ्यात आडमुठी कंपनी 2.7ला 6ने भागते. उत्तर येतं 45 टक्के. असं कुठे होत असेल का, असं वाटेल. पण होतं, आणि बहुतेक वेळा दुष्टपणाने नाही. सॉफ्टवेअरमध्ये टार्गेट एप्रिलमध्ये भरलेलं असतं, ते वर्षाच्या मध्ये बदलायला तीन सह्या लागतात, त्या घ्यायला कुणाला वेळ नसतो. मार्चअखेर यंत्र 45 टक्के दाखवतं, साहेबांना ते बरं दिसत नाही, म्हणून ते ‘समजून घेऊन’ एकाचे तीन करतात. त्यांना वाटतं आपण उपकार केले.

शहाणी कंपनी टार्गेट निम्मं करते. सहा महिने काम, तर 3 कोटी. आता उत्तर 90 टक्के. कामगिरी जवळपास बरी, गुण पुन्हा तीनच. बहुतेक कंपन्यांची न्यायबुद्धी इथे येऊन थांबते. सगळं नियमात बसलेलं असतं, त्यामुळे वाद घालायलाही जागा उरत नाही.

पण ही निम्मी वाटणी खोटी आहे. टीव्ही आणि वॉशिंग मशीन बाराही महिने सारखी विकली जात नाहीत. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, मग लग्नसराई. या बाईच्या दोन जिल्ह्यांचे मागच्या तीन वर्षांचे महिनावार आकडे काढले, आणि सप्टेंबर ते फेब्रुवारी या सहा महिन्यांत वर्षाच्या 58 टक्के विक्री होते असं दिसलं, तर तिने काम केलेल्या महिन्यांच्या वाट्याला उरतात 42 टक्के. सहा कोटींचे 42 टक्के म्हणजे 2 कोटी 52 लाख. तिने आणले 2 कोटी 70 लाख. उत्तर 107 टक्के.

विक्री तीच, बाई तीच, वर्षही तेच. 45, 90 आणि 107. शाळेत अंश आणि छेद शिकवतात, त्यातला अंश तिन्ही वेळा एकच होता. रजा लागली ती छेदाला. रजेवरून आलेल्या माणसाचं मूल्यमापन बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच, आणि लोक मात्र चूक अंशात शोधत बसतात: तिची जिद्द कमी झाली का, तिचं लक्ष घराकडे आहे का.

हा हिशेब उलटाही पडतो, आणि तेव्हाही तो मान्य करावा लागतो. हीच बाई एप्रिल ते सप्टेंबर रजेवर गेली असती तर दसरा-दिवाळी तिच्या कामाच्या महिन्यांत आली असती, आणि तिचं टार्गेट निम्म्याहून जास्त धरावं लागलं असतं. महिनावार वाटणी हवी, पण माझ्या सोयीची असेल तेव्हाच हवी, असं कर्मचाऱ्यालाही म्हणता येणार नाही.

जिथे कामाला आकडा नसतो तिथे काय? अकाउंट्स, डिझाइन, शिकवणं. तिथेही छेद असतोच, फक्त तो साहेबांच्या आठवणीत असतो, आणि आठवण फार कच्ची वही आहे. मार्चअखेर साहेबांना आठवतो तो मार्च. त्या महिन्यात ही बाई नुकतीच परतलेली असते, सहा महिन्यांत बदललेली प्रणाली समजून घेत असते, दुपारी पाळणाघरात फोन करत असते. मे महिन्यात तिने रात्री अकरापर्यंत बसून ऑडिटरचे प्रश्न निपटले, हे आता कुणाच्याच डोक्यात नसतं. यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की तो न करण्याचं कारण सापडत नाही. रजेच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात साहेबांनी दोन पानांचं टिपण लिहायचं: एप्रिलपासून काय ठरलं होतं, काय झालं, काय अर्धवट आहे, आजच्या तारखेला मी किती गुण देईन. तिने ते वाचून सही करायची. झालं. एप्रिलच्या बैठकीत हे टिपण टेबलावर असलं की ‘होती कुठे’ हा प्रश्न निघत नाही. ऑगस्टपर्यंत ती कुठे होती ते साहेबांच्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

त्याच टिपणात आणखी एक गोष्ट यायला हवी, ती म्हणजे पेरून ठेवलेलं काम. आपल्या विक्री अधिकाऱ्याने जुलै-ऑगस्टमध्ये काही नवे दुकानदार जोडले, दिवाळीच्या स्कीमचं बोलून ठेवलं. माल गेला ऑक्टोबरमध्ये, बिलं फाडली तिच्या जागी आलेल्या सहकाऱ्याने. ती विक्री कुणाची? मी म्हणेन, आकड्यात ती सहकाऱ्याचीच धरा, कारण माल पोचवणं, पैसे वसूल करणं, परत आलेले डबे बदलून देणं हे त्यानेच केलं. पण तिच्या मूल्यमापनाच्या शेऱ्यात ते दुकानदार नावानिशी यायला हवेत. तसं लिहिलं नाही तर ऑगस्टमधलं तिचं काम कुणाच्याच खात्यात जमा होत नाही, आणि पुढच्या वर्षी रजेवर जाणारी बाई जुलैतच नवे दुकानदार जोडणं थांबवते. तिला दोष देता येणार नाही.

आता पैशांकडे वळू. खरी गंमत, म्हणजे खरी कापाकापी, तिथे चालते. रेटिंग तीन आल्यामुळे पगारवाढ 10 टक्क्यांऐवजी 6. मग कुणीतरी म्हणतं, सहाच महिने काम केलं, तर वाढही निम्मी, उरली 3. पगार महिना 50 हजार असेल तर 55 हजार व्हायचे ते साडेएक्कावन्न झाले. महिन्याला साडेतीन हजार, वर्षाला 42 हजार. पुढची प्रत्येक टक्केवारी या खुज्या आकड्यावर मोजली जाणार, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीही याच पायावर. वीस वर्षं नोकरी केली तर चक्रवाढ न धरताही हे आठ लाख चाळीस हजार होतात. एकाच गैरहजेरीचे पैसे दोनदा कापले: एकदा रेटिंगमधून, एकदा महिन्यांच्या हिशेबाने. तीच रजा पुढे ‘सलग दोन वर्षं चार गुण’ या बढतीच्या अटीतही आडवी येते, म्हणजे तिसऱ्यांदा.

पगारवाढ ही मागच्या वर्षी किती दिवस बसलात याची मजुरी नसते. ती त्या पदाची बाजारातली किंमत असते आणि महागाईची भरपाई असते. किराणा दुकानदाराने या बाईसाठी सहा महिन्यांचीच भाववाढ केलेली नसते. त्यामुळे वाढ महिन्यांनी भागू नये, ती पूर्ण द्यावी. विक्रीवरचा इन्सेंटिव्ह मात्र वेगळा. तो विकलेल्या मालावर आहे, तेव्हा ज्या महिन्यांत माल विकला त्या महिन्यांचा द्या. पण द्या 107 टक्क्यांच्या दराने, 90च्या नव्हे. कापायचं असेल तर एकदाच, आणि कुठे कापलं ते तिला कागदावर दाखवून. बोनसच्या कायद्याने तर 1965 सालीच याहून उदार भूमिका घेतली होती. बोनससाठी कामाचे दिवस मोजताना पगारी प्रसूती रजेचे दिवस काम केलेलेच धरायचे, असं त्याच्या 14व्या कलमात स्पष्ट होतं. तो बोनस कमी पगाराच्या कामगारांसाठी असतो हे खरं. पण शॉपफ्लोअरवरच्या बाईचे रजेचे दिवस कामात धरले जातात आणि वरच्या मजल्यावरच्या अधिकारी बाईचे त्याच कंपनीत वजा होतात, हे चित्र विचित्र आहे.

सरकारी कचेरीला आपण एरवी नावं ठेवतो, पण या बाबतीत तिच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालांत असा नियम आहे की अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्या कर्मचाऱ्याचं काम किमान तीन महिने पाहिलेलं असायला हवं. पाहिलेलं नसेल तर अहवाल लिहायचाच नाही, तसं प्रमाणपत्र जोडायचं. पुढे बढतीची समिती बसते तेव्हा त्या कोऱ्या वर्षाऐवजी त्याच्या आधीच्या वर्षाचा अहवाल पाहते. ‘या वर्षी पुरेसं पाहिलं नाही’ हेही एक प्रामाणिक उत्तर असू शकतं, आणि त्याची शिक्षा कर्मचाऱ्याला होत नाही. खासगी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला मात्र रिकामी चौकट चालत नाही. काही तरी आकडा टाकल्याशिवाय ‘सबमिट’ दाबताच येत नाही. मग काही तरी आकडा म्हणजे तीन. वर्षातले दहा महिने रुग्णालयात काढलेल्या माणसालाही ते यंत्र तीन देतं, आणि पुढची पाच वर्षं तो तीन त्याच्या नावापुढे खरा आकडा म्हणून छापलेला राहतो.

आजारपणाची रजा बाळंतपणाहून अवघड असते, कारण तिची तारीख कुणाला ठाऊक नसते. बाळंतपणाच्या आधी दोन-तीन महिने कामाची सोपवणूक करता येते. क्षयरोग, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार असे सांगून येत नाहीत, आणि येतात तेव्हा बराच काळ आधीपासून आलेले असतात. रजेच्या आधीचे ते महिने मूल्यमापनात सगळ्यात फसवे. जूनमध्ये एखाद्याची चूक होते, जुलैत तो बैठकीत पेंगतो, ऑगस्टमध्ये अहवाल उशिरा देतो, त्याला एक ताकीदपत्रही मिळतं. सप्टेंबरमध्ये निदान होतं: फुप्फुसाचा क्षय. सहा महिन्यांचे उपचार, त्यातले पहिले काही आठवडे रजा. एप्रिलमध्ये रजेचे दिवस छेदातून काळजीपूर्वक वगळले जातात आणि जून-जुलै-ऑगस्ट मात्र जसेच्या तसे मोजले जातात. तो माणूस त्या तीन महिन्यांत आळशी नव्हता, रोज संध्याकाळी तापाने फणफणत होता. निदान झाल्यावर आधीच्या तीन-चार महिन्यांचे शेरे पुन्हा काढून वाचायचे, ताकीदपत्र असेल तर ते मागे घ्यायचं की नाही हे ठरवायचं, ही पायरी मी फार कमी ठिकाणी पाहिली.

त्यातही दुसरा प्रकार तुकड्यातुकड्यांच्या रजेचा. केमोथेरपी दर दोन-तीन आठवड्यांनी, डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा. वर्षाकाठी गैरहजेरी भरते 50 दिवस, पण 50 दिवस वजा केल्याने हिशेब जमत नाही. केमोनंतरचे तीन-चार दिवस माणूस खुर्चीत असतो, कामात नसतो. इथे दिवस मोजण्यापेक्षा काम मोजावं. ‘उपचार चालू असेपर्यंत पाचांपैकी तीनच प्रकल्प’ असं आधी लिहून ठरवा आणि मग ते तीन कसे झाले ते पाहा. असं ठरवायला साहेबांना आजाराचं नाव कळण्याची गरज नाही. डॉक्टरांच्या पत्रात कुठल्या तारखा आणि कुठली कामं टाळायची एवढं असलं की पुरतं. रेटिंगच्या यादीत ‘कारण’ असा रकाना ठेवून त्यात रोगाचं नाव भरणाऱ्या कंपन्या आहेत. तो रकाना टेबलाभोवतीची बारा माणसं वाचतात.

कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता किंवा शिक्षा करता येत नाही. कमी गुण ही शिक्षा आहे का, यावर वकील वाद घालू शकतील. ज्याला ते मिळतात त्याला तो वाद घालावा लागत नाही.

तर चूक झाली आहे हे ओळखायचं कसं? एकेका प्रकरणात प्रत्येक साहेबाकडे पटणारं उत्तर असतं, त्यामुळे एक प्रकरण पाहून काही सिद्ध होत नाही. मागच्या पाच वर्षांत तीन महिन्यांहून लांब रजेवर गेलेल्या सगळ्यांची यादी काढा. प्रत्येकासमोर तीन आकडे लिहा: रजेच्या आदल्या वर्षाचा, रजेच्या वर्षाचा, आणि नंतरच्या वर्षाचा. चार-तीन-चार, चार-तीन-चार, पाच-तीन-चार अशी रांग दिसली तर तुमची मोजपट्टी काम मोजत नाही, हजेरी मोजते. एवढी माणसं नेमकी त्याच वर्षी मठ्ठ होऊन पुढच्या वर्षी शहाणी होत नाहीत. ही यादी एचआरच्या संगणकावर अर्ध्या तासात निघते. मी सुचवली तेव्हा एका ठिकाणी उत्तर आलं, ‘नको, उगाच काही तरी निघेल.’

दुसरी कसोटी शेऱ्यांची. लेखी शेऱ्यातली जी वाक्यं रजेची माहिती नसती तर लिहिताच आली नसती, ती सगळी खोडा. ‘अजून पूर्ण रुळलेली नाही’, ‘उपलब्धतेच्या मर्यादा’, ‘तब्येत पाहता हलकं काम दिलं’. खोडल्यावर जे उरतं ते मूल्यमापन. पुष्कळदा काहीच उरत नाही. हलकं काम देणारे साहेब तर सगळ्यात प्रेमळ असतात. बाळ लहान आहे म्हणून ते तिला न विचारताच दौरा दुसऱ्याला देतात, आणि वर्षाच्या शेवटी ‘मोठी जबाबदारी घेतली नाही’ असं त्यांनाच लिहावं लागतं.

आता बैठकीत हमखास येणारा प्रश्न: बाकीच्यांनी सहा महिने तिचं ओझं वाहिलं, त्यांचं काय? प्रश्न रास्त आहे. दिवाळीत दोन क्षेत्रं सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला त्याचा मोबदला मिळायलाच हवा. पण तो तिच्या गुणांमधून का काढायचा? बऱ्याच कंपन्यांत ठरावीक टक्केवारीची सक्ती असते, अमुक इतक्यांनाच वरचे गुण, अमुक इतक्यांना खालचे. खालचं खातं कुणाला तरी भरावंच लागतं आणि समोर बसलेल्या माणसापेक्षा सहा महिने न दिसलेल्या माणसाचं नाव तिथे घालणं सोपं. सहकाऱ्याला जादा कामाचा भत्ता द्यायचा तर तो पैसा कंपनीच्या खिशातून यावा लागतो, आणि कंपनीने तो खिसा शिवून टाकलेला असतो.

आणि हे साहेबही सगळ्या बाजूंनी मोकळे नसतात. त्या विक्री अधिकाऱ्याचं टार्गेट 6 कोटींवरून 2 कोटी 52 लाखांवर आणायचं म्हटलं तर उरलेले 3 कोटी 48 लाख कुठे गेले, असं वरून विचारलं जातं. तिच्या जागी पूर्णवेळ बदली माणूस मिळाला नाही, पण साहेबांच्या डोक्यावरचं विभागाचं टार्गेट एक रुपयानेही खाली आलं नाही. तिचा छेद बदलायचा तर साहेबांचा बदलायला हवा, त्यांचा बदलायचा तर त्यांच्या वरच्याचा. वरच्याने तो बदललेला नसतो. त्या बैठकीत ‘तीन देऊन टाका’ म्हणणाऱ्या साहेबांच्या स्वतःच्या शीटवर त्या क्षेत्रासमोर एप्रिलपासून मार्चपर्यंत तोच आकडा होता: सहा कोटी.